तिसरा पट्टा काहून गायब? डबल स्लिटमागची जुनी गोष्ट

यवतमाळकडं आमच्या गावात लाईट गेली की लॅब आपोआप डार्करूम होते, म्हणून बॅटरीवरच्या लाल लेझरनं डबल स्लिट, म्हणजे शेजारशेजारच्या दोन बारीक फटींतून उजेड सोडून भिंतीवर पट्टे पाडायचा प्रयोग, दाखवायला तोच टाईम बरा. मागे एका पोट्ट्यानं भिंतीवरचे पट्टे मधल्यापासून एका बाजूला मोजत विचारलं, "सर, दोन झाले, मंग तिसरा काहून नाही दिसून राह्यला?"

त्याचं उत्तर या प्रयोगाशी ज्याचं नाव जोडलंय त्या इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगजवळ नव्हतं. 1803 मध्ये त्यानं उन्हाच्या बारीक झोतात कार्डाची पट्टी आडवी धरली, 1807 च्या पुस्तकात दोन भोकांचं चित्र दिलं, पण हिशोब सारा दोन भोकांमधल्या अंतराचा, भोक स्वतः किती रुंद हे त्यात धरलंच नाही. अशा हिशोबात तिसरा पट्टा जायला जागाच नाही.

रुंदी हिशोबात आली ती फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलमुळं, 1818 च्या आसपास. त्याचं म्हणणं, फटीतला प्रत्येक बिंदू नवी लाट सोडतो, सगळ्यांची बेरीज करा. 1821 मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफरनं फटी अन् ओळीनं खूप फटी असलेल्या जाळ्या घेऊन कोन मोजले, आणि 1835 मध्ये श्वेर्ड नावाच्या माणसानं एका फटीपासून जाळीपर्यंतचं गणित पुस्तकभर मांडलं. हा श्वेर्ड जर्मनीतल्या श्पायर गावचा शाळामास्तर बरं का, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो!

त्या गणितातला मुद्दा असा की उजेड म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, दोन फटींची जोडी काय करते अन् एकटी फट काय करते. आमच्या स्लिटमध्ये फटीची रुंदी a 0.1 मिमी, दोन फटींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर d 0.3 मिमी, म्हणजे d = 3a. लेझर 650 नॅनोमीटर, भिंत 3 मीटरवर, तर पट्टे 6.5 मिमीवर एकेक, तिसरा 19.5 मिमीवर यायला पाहिजे. तिथं दोन्ही फटींच्या लाटांत बरोबर तीन तरंगलांबींचा फरक, म्हणजे जोडी एकदम सुरात. पण त्याच कोनात एकाच फटीच्या दोन काठांत एक पूर्ण तरंगलांबीचा फरक पडतो, मग फटीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याला मारून टाकतो अन् फटीतून तिकडं काहीच निघत नाही. दोन रिकाम्या हातांनी टाळी कशी वाजणार! मधल्या पट्ट्याच्या मानानं पहिला 68 टक्के, दुसरा 17, तिसरा शून्य, चौथा पुन्हा 4 टक्के, आणि सहावा परत गायब.

फट जराशी रुंद निघाली, समजा 0.11, तर तिसरा पुरता जात नाही, जवळपास 0.8 टक्के उरतो, अंधारात पुसट दिसतो. पोट्टे मात्र वेगळीच चूक करतात, दोन फटींमधली कोरी जागा मोजून तिलाच d समजतात. कोरी जागा 0.3 असली तर d 0.4 होतो, मग गायब होतो चौथा, अन् हे पोट्टे तिसरा का दिसते म्हणून लेझरला थापडा मारत बसतात.