आपसमेळ योजना आणि नियमित नोंदणी : गोव्यातील किरकोळ व्यापाऱ्याची निवड

वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १० खालील करआकारणीला मराठी कर-परिभाषेत ‘आपसमेळ योजना’ म्हणतात. बाजारात तिला सर्रास ‘कंपोझिशन’ म्हणतात. म्हापसा, डिचोली वा फोंड्याच्या दुकानदाराला ‘आपसमेळ’ म्हटले तर तो बहुधा आपल्याकडे बघतच राहील. मोजक्या उलाढालीच्या व्यापाऱ्याने हिशेबाच्या कटकटीऐवजी एक ठोक रक्कम भरून मोकळे व्हावे, ही कल्पना जीएसटीहून जुनी असून विक्रीकर आणि मूल्यवर्धित कराच्या काळातही ती निरनिराळ्या रूपांत होती. आजची योजना १ जुलै २०१७ पासून लागू आहे. व्यापाऱ्यासाठी दर करपात्र विक्रीच्या १ टक्का असून तो केंद्र व राज्य यांच्यात निम्मा निम्मा वाटला जातो. एकूण उलाढालीची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून दीड कोटी रुपये आहे. ईशान्येकडील काही राज्ये आणि उत्तराखंड यांना ७५ लाखांची मर्यादा आहे, गोवा मात्र त्यांत येत नाही. वस्तूंच्या व्यापाऱ्याला गोव्यात ४० लाखांपर्यंत नोंदणीच सहसा लागत नाही. त्यामुळे निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने ४० लाख ते दीड कोटी या पट्ट्यात उभा राहतो.

योजनेतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिटही मिळत नाही. लोक हिशेब करताना बहुधा ‘एक टक्का की अठरा टक्के’ एवढीच तुलना करतात. ती फसवी आहे. नियमित व्यापारी अठरा टक्के खिशातून भरत नाही. विक्रीवर गोळा केलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा करून उरेल तेवढेच तो भरतो, म्हणजे प्रत्यक्षात आपल्या नफ्याच्या भागावरचा कर. आपसमेळातला व्यापारी पूर्ण विक्रीवर एक टक्का देतो, शिवाय खरेदीवरचा कर त्याच्या मालाच्या किमतीत मुरतो. तेव्हा तुलना करायची ती ‘एक टक्का अधिक बुडालेले क्रेडिट’ आणि ‘विक्रीवरचा पूर्ण कर’ या दोन रकमांची.

म्हापशातल्या विजेच्या सामानाच्या एका कल्पित दुकानाचा हिशेब मांडू. वायर, स्विच, दिवे असा सगळा माल १८ टक्क्यांचा आहे. वर्षाची खरेदी कर वगळून ४५ लाखांची, तिच्यावर कर ८ लाख १० हजार. दुकानदार करपूर्व किमतीवर १२ टक्के नफा धरून विकतो. म्हणजे करपूर्व विक्री ५० लाख ४० हजार, तिच्यावर कर ९ लाख ७ हजार २००, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून एकूण ५९ लाख ४७ हजार २०० रुपये जातात. नियमित नोंदणीत सरकारला रोख भरायचे ते दोन्ही करांतील फरकाचे ९७,२०० रुपये. आपसमेळात गिऱ्हाइकाकडून तीच रक्कम घेतली, तर तिचा एक टक्का म्हणजे ५९,४७२ रुपये भरायचे. एक टक्का ‘आतल्या करासकट’ पूर्ण रकमेवर लागतो, हे पुष्कळांच्या नजरेतून निसटते. फरक ३७,७२८ रुपयांचा, आणि तो आपसमेळाच्या बाजूने. नफ्याच्या बाजूने ताळा केला तरी हाच आकडा येतो. नियमितात ढोबळ नफा ५ लाख ४० हजार राहतो. आपसमेळात विक्रीतून एक टक्का आणि करासकट ५३ लाख १० हजारांची खरेदी वजा केली की ५ लाख ७७ हजार ७२८ उरतात.

हे पारडे नफ्याच्या टक्क्यावर फिरते. १८ टक्क्यांच्या मालात करपूर्व खरेदीवरचा नफा साधारण ७ टक्क्यांहून अधिक असेल तर आपसमेळ स्वस्त पडते, त्याखाली नियमित. ५ टक्क्यांच्या मालात मात्र हा काटा जवळजवळ २६.६ टक्क्यांवर जातो. सूत्र असे (सर्व आकडे दशांशात):

```
नफा = 0.01 × (1 + दर) / (0.99 × दर − 0.01)
```

दराच्या जागी 0.18 घातले की 0.070 मिळते, 0.05 घातले की 0.266. मालाचा दर जितका कमी, तितके आपसमेळ महाग, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. कारण सरळ आहे. दर कमी असला की नियमित व्यापाऱ्याचा कर आक्रसतो, एक टक्का मात्र तिथेच ठाण मांडून बसतो. पसरकार, म्हणजे किराणा दुकानदार, ५ टक्क्यांचा एक लाखाचा माल १० टक्के नफ्यावर विकत असेल तर नियमितात त्याचा कर ५०० रुपये होतो, आपसमेळात १,१५५. तरीही अनेक पसरकार आपसमेळात असतात, कारण तिमाहीला एकदा CMP-08 आणि वर्षाअखेर GSTR-4 भरले की सुटका होते. सुट्या तांदळासारखा करमुक्त माल एक टक्क्याच्या हिशेबात धरायचा नाही, पण दीड कोटींची मर्यादा मोजताना धरायचा.

वरच्या हिशेबात केवळ विकायचा माल धरला. दुकानाचे भाडे आले की चित्र बदलते. समजा महिना २० हजार भाडे आहे आणि घरमालक जीएसटीत नोंदलेला आहे. त्याच्या बिलात वर्षाला ४३,२०० रुपये कर येतो. नियमित दुकानदार तो वळता करून घेतो, आपसमेळवाल्याला तो पचवावा लागतो. ३७,७२८ रुपयांचा फायदा इथेच संपतो आणि नियमित नोंदणी ५,४७२ रुपयांनी पुढे जाते. घरमालक नोंदलेला नसेल तर गोष्ट पुन्हा पलटते. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचा असे ठरले. १६ जानेवारी २०२५ पासून आपसमेळातल्या भाडेकरूला त्यातून वगळले गेले. त्यामुळे निर्णय घेण्याआधी पाहायचा कागद खरेदीच्या बिलांइतकाच भाड्याच्या पावतीचा आहे. वर्षभरात घेतलेले फ्रीज, संगणक यांवरचे क्रेडिटही याच खात्यात धरावे.

गिऱ्हाईक कोण, हा पुढचा प्रश्न. बांधकाम कंत्राटदाराला क्रेडिट हवे असते. आपसमेळवाल्याकडून ते मिळत नाही, म्हणून तो तेवढा भाव पाडून मागतो किंवा दुसरीकडे जातो. गोव्यात मात्र मोठा खरेदीदार हॉटेल-रेस्टॉरंट हा आहे आणि त्याचे गणित वेगळे आहे. साधी रेस्टॉरंटे ५ टक्के कर क्रेडिटविना भरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरही ५ टक्के दर क्रेडिटविना लागू झाला. आधी तो १२ टक्के होता आणि क्रेडिट मिळत असे. अशा खरेदीदाराला पुरवठादार आपसमेळातला असला तरी काही गमवावे लागत नाही. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या लहान हॉटेलांना माल पुरवणाऱ्याने आपला जुना हिशेब या तारखेनंतर पुन्हा मांडावा. साडेसात हजारांवरच्या खोल्यांची हॉटेले क्रेडिट घेऊ शकतात, ती नियमित पुरवठादारच पसंत करतील.

आपसमेळातल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर विक्री करता येत नाही. बेळगाव, कोल्हापुराहून माल आणायला हरकत नाही. गोव्यासारख्या चिंचोळ्या राज्यात ही अट कागदावर दिसते त्याहून जाचक आहे, कारण दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची गिऱ्हाइके म्हापशाच्या बाजाराला नेहमीची. गल्ल्यावर येऊन माल नेणाऱ्या दोडामार्गकराला केलेली विक्री राज्यांतर्गत की आंतरराज्य? १ ऑक्टोबर २०२३ पासून एकात्मिक कर कायद्याच्या कलम १० मध्ये (ca) हे उपकलम आले. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत इन्व्हॉइसवर लिहिलेला पत्ता हेच पुरवठ्याचे ठिकाण, आणि पत्ता लिहिलेला नसेल तर विक्रेत्याचे ठिकाण, असा त्याचा आशय आहे. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता लिहिल्यासारखे मानले जाते. म्हणजे बिलावर ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द पडला की योजनाच धोक्यात.

यावर जाणकारांत दोन मते आढळतात. पहिल्या मताचा आधार शब्दांवर आहे. आपसमेळवाला इन्व्हॉइस देतच नाही, तो ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. केंद्रीय कायद्याच्या कलम २(६६) मध्ये इन्व्हॉइस म्हणजे कर-इन्व्हॉइस. तेव्हा पत्ता लिहिला तरी ठिकाण विक्रेत्याचेच राहते. दुसऱ्या मतानुसार उपकलमाचा हेतू उपभोगाचे राज्य ठरवण्याचा आहे, दस्तऐवजाच्या नावाने तो हेतू हटत नाही. पहिले मत शब्दाला धरून असले तरी त्याच्या भरवशावर दीड-दोन टेंपो माल बांद्याला घरपोच पाठवावा इतके ते पक्के वाटत नाही. सावध वाट अशी : नियम ४९ नुसार बिल ऑफ सप्लायवर खरेदीदाराचा पत्ता तो नोंदणीकृत असेल तेव्हाच अनिवार्य आहे, इतरांचा पत्ता लिहू नये आणि सीमेपलीकडची पोच स्वतः स्वीकारू नये. पात्रता गेली तर कर दुकानदाराच्या खिशातून जातो, कारण गिऱ्हाइकाकडून तो घेतलेलाच नसतो.

योजनेत शिरायचे तर आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत CMP-02 भरावा लागतो. नियमितातून येणाऱ्याला शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट ITC-03 भरून परत करावे लागते. वरच्या दुकानात ३१ मार्चला करपूर्व ६ लाखांचा माल असेल तर १ लाख ८ हजार रुपये भरायचे. परतफेड करून क्रेडिट खात्यात काही उरलेच, तर ते बुडते. ही १ लाख ८ हजारांची रक्कम वार्षिक तोटा नव्हे. जितकी वर्षे योजनेत राहू तितकी वर्षे ती मालात अडकून पडते. पुन्हा नियमितात आल्यावर ३० दिवसांत ITC-01 भरून त्या वेळच्या शिल्लक मालावरचे क्रेडिट मिळते, पण इन्व्हॉइस एक वर्षाहून जुने नसावे. कपाटाच्या मागे राहून गेलेल्या जुन्या फिटिंगांवरचा कर त्यामुळे परत येत नाही, आणि दावा दोन लाखांवर गेला तर सनदी लेखापालाचा किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखलाही जोडावा लागतो.