‘एट ऑफ कप्स’ हा नाते सोडण्याचा आदेश नव्हे

“नाते स्थिर आहे, पण आतून रिकामे वाटते, टॅरोमध्ये एट ऑफ कप्स हा पत्ता आला, म्हणजे आता सोडायलाच हवे का?”

नाही. हा समज चित्राकडे घाईने पाहिल्यामुळे रूढ झाला आहे. पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेल्या 1909 च्या टॅरो पत्त्यांच्या संचात लाल वस्त्रातील माणूस काठी घेऊन डोंगराकडे निघालेला दिसतो, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. परंतु मागचे आठही पेले उभे आहेत, एकही सांडलेला नाही, आणि वरच्या रांगेत मात्र एका पेल्याएवढी जागा मोकळी आहे. माझ्या मते हा पत्ता त्या मोकळ्या जागेबद्दल बोलतो.

म्हणून तो कोणत्या स्थानी आला, हे आधी पाहावे. समजा, तीन पत्त्यांच्या मांडणीत तो ‘सद्यःस्थिती’च्या जागी आणि ‘सल्ल्या’च्या जागी दोघांच्या परस्पर नात्याचा पत्ता टू ऑफ कप्स आला, तर पहिला पत्ता तुमचे मन आधीच दूर गेल्याचे दाखवतो आणि दुसरा, ती उणीव जोडीदारासमोर स्पष्ट शब्दांत मांडण्यास सुचवतो. तोच एट ऑफ कप्स ‘सल्ल्या’च्या जागी असता, तर निघण्याचा अर्थ अधिक बळकट झाला असता, तरीही निर्णय पत्त्याचा नव्हे, तुमचाच राहतो.