तृतीयक अमाइन आणि बेंझीनसल्फोनिल क्लोराइड: अभिक्रिया होते की नाही?

‘तृतीयक अमाइनची बेंझीनसल्फोनिल क्लोराइडशी अभिक्रियाच होत नाही ना?’

होते. हिन्सबर्ग चाचणीत, म्हणजे अमाइन अल्कली आणि या अभिकर्मकासोबत हलवून त्याचा प्रकार ओळखताना, नायट्रोजनवरची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी सल्फरशी जोडली जाऊन क्षार बनतो. पण त्या नायट्रोजनवर काढून टाकायला हायड्रोजन नसल्याने स्थिर सल्फोनामाइड बनत नाही, आणि अल्कली तो क्षार फोडून मूळ अमाइन परत देते. म्हणून डायमिथिलअॅनिलिनचे तेल तसेच तरंगताना दिसते.

खरा घोटाळा इथेच होतो, कारण मिथिलअॅनिलिन या द्वितीयक अमाइनचे सल्फोनामाइडही अल्कलीत विरघळत नाही. न विरघळलेला भाग वेगळा काढून त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला: तृतीयक अमाइन विरघळेल, सल्फोनामाइड नाही. मात्र त्याआधी अल्कलीतले मिश्रण हलके गरम करून भरपूर हलवा, म्हणजे जास्तीचे बेंझीनसल्फोनिल क्लोराइड संपून जाईल. उरलेले अभिकर्मकाचे तेलही आम्लात विरघळत नाही, आणि तेच द्वितीयक अमाइनचा भास निर्माण करते.