डबाबंद टोमॅटो, नारळाचे दूध आणि राजमा : डब्याच्या मापांचे कप व ग्रॅममध्ये रूपांतर

परदेशी पाककृतीत ‘एक डबा टोमॅटो’, ‘एक डबा राजमा’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्या देशात रूढ असलेला ठरावीक आकाराचा डबा गृहीत धरलेला असतो. तो आकार वाट्या, कप किंवा ग्रॅममध्ये बसवणे म्हणजे हे रूपांतर. वाशी, नेरूळ किंवा ठाण्यातल्या मोठ्या किराणा दुकानांत युरोपीय पद्धतीचा ४०० ग्रॅमचा डबा आणि नारळाच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा खोका सहज मिळतो. पाककृती मात्र बऱ्याचदा अमेरिकन असते आणि तिची मापे औंसात असतात. घोटाळा तिथून सुरू होतो.

औंस दोन प्रकारचे आहेत. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, तर अमेरिकन द्रव औंस २९.५७ मिलिलिटरचा. टोमॅटो आणि राजम्याच्या डब्यांवर वजनाचा औंस असतो, नारळाच्या दुधावर बहुधा द्रव औंस. टोमॅटोचा १४.५ औंसाचा डबा ४११ ग्रॅमचा असतो आणि रसासकट पावणेदोन कप भरतो. २८ औंसाचा मोठा डबा ७९४ ग्रॅमचा, म्हणजे आपल्याकडचे ४०० ग्रॅमचे दोन डबे. नारळाच्या दुधाचा १३.५ द्रव औंसाचा डबा ४०० मिलिलिटरचा, म्हणून २०० मिलिलिटरचे दोन खोके घेतले की काम झाले. ते सुमारे एक पूर्णांक दोन तृतीयांश कप होते. कप इथे २४० मिलिलिटरचा धरला आहे. बाजारात २५० मिलिलिटरचे कपही मिळतात, पण रस्साभाजीत तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

खरी मेख राजम्याच्या डब्यात आहे. १५ औंसाच्या डब्यावर ४२५ ग्रॅम लिहिलेले असते, पण त्यात पाणीही धरलेले असते. डबा गाळणीत उपडा केला की आधी दाट, चिकट, खारट पाणी खाली गळते आणि वर राहतात ते दाणे साधारण २५० ग्रॅम, म्हणजे दीड कप. ४०० ग्रॅमच्या डब्यातून २४० ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. बहुतेक डब्यांवर ‘नेट वेट’ आणि ‘ड्रेन्ड वेट’ असे दोन आकडे शेजारी असतात. स्वयंपाकाला उपयोगी पडतो तो दुसरा. पाककृतीत पाण्यासकट घ्यायला सांगितले असेल तरच पहिला पाहावा.

उदाहरण घेऊ. पाककृतीला १४.५ औंसाचा एक डबा टोमॅटो, १३.५ औंसाचा एक डबा नारळाचे दूध आणि १५ औंसाचे दोन डबे राजमा हवा आहे. घरात सुका राजमा आहे. कोणी ४२५ च्या दुपटीचा हिशेब करून ८५० ग्रॅम शिजलेला राजमा घातला, तर पाच कपांच्या आसपास दाणे होतात. मग रस्सा उरतच नाही, मसाला फिका पडतो आणि पातेल्यात चमचा उभा राहतो. बरोबर आकडा ५०० ग्रॅम, म्हणजे तीन कप. राजमा भिजून शिजल्यावर वजनाने अडीचपटीच्या जवळ जातो, म्हणून सुका राजमा २०० ते २१० ग्रॅम पुरे. तो रात्रभर भिजवावा, पाणी बदलून कुकरमध्ये मऊ शिजवावा आणि निथळूनच मोजावा. डब्यातल्या राजम्यात मीठ आधीच असते, घरच्यात नसते. त्यामुळे मीठ मात्र चव घेऊनच घालावे.

टोमॅटोच्या ४११ ग्रॅमसाठी ४०० ग्रॅमचा डबा जसाच्या तसा चालतो. ताजे वापरायचे तर साडेचारशे ते पाचशे ग्रॅम टोमॅटो उकळत्या पाण्यात घालून सोलावेत, चिरावेत आणि पाणी थोडे आटेपर्यंत शिजवावेत. नुसते कच्चे चिरून घातले तर डब्यातल्यासारखा दाटपणा येत नाही. प्युरी मुळातच घट्ट असल्याने ती त्याच वजनाने घेऊ नये. २०० ग्रॅम प्युरीत तितकेच पाणी घातले की साधारण जमते, फोडी मात्र मिळत नाहीत.

नारळाच्या दुधात मोजण्यापेक्षा ढवळण्याकडे लक्ष हवे. फ्रिजमधून काढलेल्या डब्यात साय वर घट्ट बसते आणि पाणी खाली राहते. अर्धाच डबा लागणार असेल आणि वरून चमच्याने काढला, तर आकडा बरोबर येऊनही पदार्थ तेलकट होतो. डबा आधी जोरात हलवावा, मगच मोजावे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के आणि ‘लाइट’मध्ये किमान ५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. त्यामुळे माप तेच असले तरी ‘लाइट’चा रस्सा पातळच होतो. घरी काढलेले पहिले जाड दूध या जागी चालते. दुसरे, पाणी घालून पिळलेले दूध तेवढ्याच मापात घेतले तर रस्सा बराच आटवावा लागतो.