लाभांशाची सात वर्षं आणि शेअर्सची सात वर्षं

लाभांश कधी जाहीर करता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं: घसारा वजा करून उरलेल्या नफ्यातून किंवा मागच्या वर्षांच्या शिल्लक नफ्यातून, आणि जुना तोटा आधी भरून काढल्यावरच. अंतरिम लाभांश संचालक मंडळ जाहीर करतं, अंतिम लाभांशाला वार्षिक सभेची मंजुरी लागते. इथं फारसं कुणी अडखळत नाही.

गोंधळ उडतो तो न घेतलेल्या पैशांबाबत. 'सात वर्षं झाली की पैसे आणि शेअर्स दोन्ही सरकारजमा' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक मोजणीची. समजा, १० सप्टेंबर २०१८ च्या सभेत लाभांश जाहीर झाला. वाटपाला ३० दिवस, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत. त्यातून उरलेली रक्कम पुढच्या सात दिवसांत, १७ ऑक्टोबरपर्यंत, कंपनीला 'अनपेड डिव्हिडंड अकाउंट'मध्ये टाकावी लागते. उशीर केला तर कंपनीला वर्षाला १२ टक्के व्याज भरावं लागतं. सात वर्षं मोजायची ती या खात्यात पैसे गेल्याच्या तारखेपासून, सभेच्या तारखेपासून नाही. म्हणजे कंपनीने शेवटच्या दिवशी रक्कम टाकली असेल, तर १७ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ती कंपनीकडेच किंवा भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिच्या आरटीएकडे मागायची. त्यानंतर ती गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जाते.

दुसरी चूक जास्त महाग पडते. प्रत्येक वर्षाच्या लाभांशाचं घड्याळ वेगळं चालतं. शेअर्सचा नियम मात्र निराळा आहे: सलग सात वर्षं एकही लाभांश घेतला नाही, तरच शेअर्स निधीत जातात. वरच्या उदाहरणातल्या भागधारकाने २०१८ चा लाभांश सोडला, पण २०२१ चा बँकेत जमा झाला. मग २०१८ ची रक्कम २०२५ मध्ये निधीत जाईल, पण शेअर्स त्याच्याकडेच राहतील. मधला एक लाभांश घेतला की साखळी तुटते. म्हणून लाभांशाचे जुने वॉरंट, म्हणजे धनादेश, शोधत बसण्याआधी बँक खात्याचा तपशील दुरुस्त करून पुढचा लाभांश मिळेल असं पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेअर्स हलवण्याच्या तीन महिने आधी कंपनी नोटीस पाठवते आणि वर्तमानपत्रात जाहिरातही देते, पण नोटीस कंपनीकडे नोंद असलेल्या पत्त्यावरच जाते.

तिसरी चूक 'सरकारजमा' या शब्दाची. निधीत गेलेले पैसे आणि शेअर्स परत मिळतात. आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. तो पडताळणी करून आयईपीएफ प्राधिकरणाला अहवाल देतो. तोपर्यंत त्या शेअर्सचा मताधिकार गोठलेला असतो आणि त्यांवरचा नवा लाभांशही निधीतच जमा होतो.