टायलेनॉल पीएम आणि अ‍ॅडव्हिल पीएम: झोपेचं औषध एकच, वेदनाशामक वेगळं

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांच्या औषधांच्या पिशवीत डोलो ६५० किंवा क्रोसिन असतंच. तिथे गेल्यावर गुडघेदुखीने झोप लागेना, तर दुकानातून 'पीएम'ची बाटली येते. टायलेनॉल पीएम मिळालं काय, अ‍ॅडव्हिल पीएम मिळालं काय, दोन्ही सारखीच, असं समजलं जातं.

झोप आणणारा भाग खरोखरच सारखा आहे. दोन्हींत डायफेनहायड्रामिन हे जुन्या पिढीतलं, गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध असतं. टायलेनॉल पीएमच्या एका गोळीवर २५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, तर अ‍ॅडव्हिल पीएमच्या कॅप्लेटवर ३८. म्हणून दुसरी जास्त कडक आहे असं नाही. तिच्यात तेच औषध सायट्रेट या क्षाराच्या रूपात आहे, आणि ३८ सायट्रेट म्हणजे टायलेनॉल पीएममधलं २५ हायड्रोक्लोराइडच.

फरक वेदनाशामकात आहे. अ‍ॅडव्हिल पीएममध्ये आयबुप्रोफेन २०० मिलिग्रॅम असतं. त्याचा त्रास मुख्यतः पोटाला आणि मूत्रपिंडाला होतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी, किंवा अल्सर वा किडनीचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. टायलेनॉल पीएममध्ये ५०० मिलिग्रॅम अ‍ॅसिटामिनोफेन असतं. हे अनोळखी नाव म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. फसगत होते ती इथे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या काही अमेरिकी बाटल्यांवर तर ए-पी-ए-पी एवढीच चार अक्षरं असतात. तेही पॅरासिटामॉलच.

एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. वय ६८, सर्दी आणि गुडघेदुखी. भारतातून आणलेली डोलो ६५० तीन वेळा: १९५० मिलिग्रॅम. सर्दीसाठी डेक्विलच्या दोन-दोन कॅप्सूल तीन वेळा, प्रत्येकीत ३२५: आणखी १९५०. रात्री टायलेनॉल पीएमच्या दोन गोळ्या: १०००. एकूण ४९००. प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, जेवण तुटलं असेल किंवा रोज दारू असेल, तर त्याहून बरंच खाली राहावं. या माणसाने एकही औषध पाकिटावरच्या डोसपेक्षा जास्त घेतलेलं नाही. मध्यरात्री जाग आली म्हणून आणखी दोन पीएम घेतल्या, तर आकडा ५९०० होतो आणि गुंगीचं औषधही दुप्पट होतं. पीएमच्या दोन गोळ्या हा २४ तासांचा पूर्ण डोस आहे, हे म्हणूनच लक्षात ठेवायचं.

पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ बनतो, आणि ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला लगेच निकामी करतो. डोस वाढला की विष जास्त बनतं, साठा संपतो, आणि उरलेलं विष यकृताच्या पेशी मारतं. उपाशी माणसाकडे हा साठा मुळातच कमी असतो.

पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तीही नाही. उजवीकडे बरगडीखाली दुखणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, कावीळ त्यानंतर. 'बरं वाटतंय, म्हणजे काही झालं नाही' हा तर्क म्हणूनच धोक्याचा. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला काम करतो. जास्त झाल्याची शंका येताच अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या पॉयझन हेल्प क्रमांकावर फोन करावा. दिवसभरात थोडं थोडं करून जास्त झालं असेल तर प्रत्येक गोळीची वेळ सांगावी, कारण उतारा द्यायचा की नाही हे ठरवणारा, एकदम घेतलेल्या डोससाठीचा डॉक्टरांचा तक्ता इथे लागू पडत नाही.

बाटली विकत घेताना पुढचं नाव न वाचता मागची 'ड्रग फॅक्ट्स'ची चौकट वाचा. 'अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडिएंट्स'खाली अ‍ॅसिटामिनोफेन दिसलं, की त्या दिवशी डोलो, क्रोसिन, सिनारेस्ट, कॉम्बिफ्लाम, डेक्विल, नायक्विल यांचा आकडा त्यात मिळवायचा. यांतल्या प्रत्येकात पॅरासिटामॉल आहे. कॉम्बिफ्लाममध्ये तर आयबुप्रोफेनही आहे, म्हणजे ती अ‍ॅडव्हिल पीएमबरोबरही जुळत नाही.

पासष्टीपुढच्यांसाठी मात्र आमच्या मते दोन्ही पीएम टाळण्यासारखीच आहेत. डायफेनहायड्रामिन म्हाताऱ्या शरीरात सकाळपर्यंत रेंगाळतं. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो, कधी माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. गुडघा दुखतोय म्हणून झोप लागत नसेल, तर दिवसाच्या हिशेबात बसणारं साधं पॅरासिटामॉल झोपण्यापूर्वी पुरतं. त्यात गुंगीचं औषध मिसळलेलं लागत नाही.