घड्याळातले १८० आणि आपली ढांग

कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६०. स्ट्राइड लेंथ, म्हणजे एका पावलाची ढांग, १.०४ मीटर. ग्राउंड कॉन्टॅक्ट टाइम, म्हणजे दर पावलाला पाय जमिनीवर टेकलेला वेळ, २७० मिलिसेकंद. मरिन ड्राइव्हवर धावून झाल्यावर ग्रुपमधल्या मित्राने घड्याळ पुढे केलं. ‘कॅडेन्स १८० लागतो ना? मी बराच मागे आहे.’

हा १८० आला कुठून? १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. पण ते शर्यतीच्या वेगात होते. माझा मित्र किलोमीटरला सहा मिनिटं घेतो, म्हणजे मिनिटाला सुमारे १६७ मीटर. त्याला १६० पावलांनी भागा, १.०४ मीटर येतात. घड्याळही बहुधा हाच भागाकार करतं: पावलं हाताच्या हालचालीवरून, वेग जीपीएसवरून. म्हणून नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींजवळ कॅडेन्स स्थिर असताना ढांग अचानक वाढलेली दिसली, तर चूक जीपीएसची समजावी.

मित्राने त्याच वेगात १८० गाठायचा प्रयत्न केला. पाऊल थेट ९३ सेंटिमीटरवर आलं आणि दोन आठवड्यांत पोटऱ्या धरल्या. मी त्याला १६८ सुचवले. पाऊल ९९ सेंटिमीटर, म्हणजे फक्त पाच सेंटिमीटर आखूड. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं की वेग तोच ठेवून पावलं ५ ते १० टक्के वाढवली, तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही, हे त्यामागचं मोठं कारण. गुडघा कुरकुरत असेल तर हा बदल करून पाहावा. काहीच दुखत नसेल, तर १६० मध्ये मला दोष दिसत नाही.

तिसरा आकडा, ग्राउंड कॉन्टॅक्ट टाइम, सर्वात जास्त फसवतो. पाय जमिनीवर कमी वेळ टेकला की चांगलं, असं वाटतं. पण १६० च्या कॅडेन्सला एका पावलाला ३७५ मिलिसेकंद मिळतात. त्यातले २७० पाय जमिनीवर, उरलेले १०५ शरीर हवेत. हवेतल्या वेळेचं वजनही पायालाच जमिनीवर असताना पेलावं लागतं, म्हणून त्या २७० मिलिसेकंदांत सरासरी भार वजनाच्या ३७५ भागिले २७०, म्हणजे साधारण १.४ पट. सत्तर किलोच्या माणसासाठी ९७ किलो. कॅडेन्स तोच ठेवून हा वेळ मुद्दाम २४० वर आणला, तर १०९ किलो. वेग वाढला की तो आपोआप घटतो. मुद्दाम घटवला तर तोच वेग जास्त मेहनतीने मिळतो.

म्हणून मित्राला एवढंच सांगितलं: सपाट रस्त्यावर, त्याच वेगाने धावलेले दोन दिवसच एकमेकांशी ताडून बघ. पेडर रोडच्या चढावर वेग उतरतो, पाऊल आखूड होतं, पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो. तिथे तसंच व्हायला हवं.